पिन विसरला? आधी कुलूप कुठे आहे ते पाहा

मुलांसाठी टीव्हीला लावलेले कुलूप बऱ्याच घरांत शेवटी मोठ्यांनाच बाहेर ठेवते. पिन लावणारा लावून निघून जातो. चार-सहा महिने त्या प्रोफाइलला कुणी हात लावत नाही. मग एखाद्या सुटीच्या दिवशी सगळे एकत्र बसतात, पडद्यावर चार रिकामे रकाने येतात आणि घरातल्या एकालाही ते आकडे आठवत नाहीत. पुढचा अर्धा तास अंदाज बांधण्यात जातो. कुणी लग्नाचे साल सांगतो, कुणी स्कूटरचा नंबर. शेवटी कुणीतरी म्हणतो, ‘टीव्हीच रिसेट मारून टाका.’

हा शेवटचा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. टीव्ही रिसेट करून वायफायचा पासवर्ड, अॅप, चॅनेलची यादी असे सगळे जाते आणि पिन मात्र जिथल्या तिथे राहतो. असे का होते, हे एकदा समजले की पिन काढणे दहा मिनिटांचे काम आहे. त्याच ओघात आणखी एक गोष्टही लक्षात येते, ती म्हणजे मुलांसाठी लावलेले कुलूप खरोखर कुणाच्या हातात आहे.

कुलूप दोन ठिकाणी असू शकते

पिन एक तर खात्यात असतो किंवा यंत्रात.

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांसारख्या सेवांच्या प्रोफाइलला लावलेला पिन त्या कंपनीकडे, आपल्या खात्यात साठवलेला असतो. टीव्ही फक्त तो विचारण्याचे काम करतो. म्हणून टीव्ही रिसेट केला, विकला किंवा नवा आणला, तरी पुन्हा लॉगिन करताच तोच पिन पुन्हा विचारला जातो.

टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लावलेला पिन मात्र त्या यंत्राच्या आतच असतो. कंपनीला तो माहीत नसतो आणि तुमच्या मोबाइल नंबरशी त्याचा काही संबंध नसतो. सेट-टॉप बॉक्सचे चॅनेल-लॉकही साधारण याच जातीचे.

कोणते कुलूप आडवे आले आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. तीच सेवा मोबाइलवर त्याच खात्याने उघडा आणि त्याच प्रोफाइलवर बोट ठेवा. तिथेही पिन मागितला, तर कुलूप खात्यात आहे. मोबाइलवर प्रोफाइल सरळ उघडली आणि टीव्हीवर मात्र अॅप सुरू होण्याआधीच आकडे मागितले जात असतील, तर कुलूप टीव्हीत आहे. ही परीक्षा केल्याशिवाय पुढे काहीही करू नका. पुढचे दोन्ही रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

लाखनीतले एक घर

एक घर डोळ्यांसमोर आणू. भंडारा आणि साकोलीच्या मध्ये, महामार्गालगत लाखनीत अब्बांचे दुकान आहे. घरी अम्मी, दादी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. थोरला नागपूरला नोकरी करतो. ईदच्या सुटीत तो घरी आला तेव्हा त्याने टीव्हीवर नेटफ्लिक्स सुरू करून दिले. खाते त्याच्याच नंबरवर आणि त्याच्याच ईमेलवर उघडले. मुलीसाठी लहान मुलांची प्रोफाइल केली, मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावला, अब्बांना तो सांगितला आणि परत गेला. अब्बांनी तो कुठेच लिहिला नाही.

आता पिन हवा आहे. मोबाइलची परीक्षा केली, तिथेही पिन मागतो. म्हणजे कुलूप खात्यात आहे आणि टीव्हीच्या रिमोटवर त्याचा इलाज नाही.

अब्बा फोन लावतात.

‘बेटा, त्या टीव्हीचा नंबर काय टाकला होतास?’

‘अब्बा, आता मलाही आठवत नाही. पण जुना नंबर लागतच नाही. थांबा, इथूनच नवा टाकतो.’

जुना पिन लागत नाही, हेच या सगळ्या पद्धतीचे मर्म आहे. खात्यातला पिन बदलताना कंपनी जुना पिन विचारत नाही. तुम्ही खात्याचे मालक आहात का, एवढेच ती विचारते. मालकी सिद्ध होते ती खात्याच्या पासवर्डने, नाहीतर नोंदलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर आलेल्या कोडने.

थोरल्याने नागपूरला बसून पुढे काय केले, ते पायरीपायरीने पाहू. त्याने मोबाइलच्या ब्राउझरमध्ये `netflix.com/account` हे पान उघडून लॉगिन केले. तिथे प्रोफाइलची यादी असते. तीतून त्याने मोठ्यांची प्रोफाइल निवडली. त्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये `Profile Lock` अशी ओळ असते. ती दाबताच कंपनीने ओळख पटवायला सांगितले. पासवर्ड टाका, किंवा नोंदलेल्या पत्त्यावर कोड मागवा. त्याने पासवर्ड टाकला, जुना पिन काढून नवा चार आकडी पिन दिला आणि जतन केला. लाखनीच्या टीव्हीला कुणी हातही लावला नाही.

नवा पिन टीव्हीवर लगेच चालला नाही, तर घाबरू नये. अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. तरीही जुनाच पिन मागत असेल, तर टीव्हीवर त्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. त्यामुळे टीव्ही खात्यातली ताजी माहिती घेतो.

इतर सेवांत बटणांची नावे आणि जागा बदलतात, पण गाभा हाच राहतो. प्राइम व्हिडिओत खात्याच्या सेटिंगमधील `Parental Controls` या भागात अॅमेझॉनचा पासवर्ड टाकून पिन बदलता येतो. जिथे खाते मोबाइल नंबरवरच उघडलेले असते, पासवर्ड नावाची गोष्टच नसते, तिथे सहसा `Forgot PIN` दाबल्यावर नोंदलेल्या नंबरवर ओटीपी येतो. सेवा कोणतीही असो, पिन आठवत नसेल तर पहिला प्रश्न ‘पिन काय होता’ हा नसून ‘खाते कुणाच्या नंबरवर आहे’ हा असतो.

नंबर कुणाचा, कुलूप त्याचे

वरच्या घरात सगळे सुरळीत झाले, कारण थोरल्याचा नंबर चालू होता आणि फोन त्याच्याच हातात होता. हे दोन्ही नेहमी असतेच असे नाही.

पहिली अडचण बंद पडलेल्या नंबरची. आपल्याकडे सिम वरचेवर बदलली जातात. ऑफर संपली, रिचार्ज परवडेना, नवी नोकरी लागली की जुना नंबर सोडून दिला जातो. पण नेटफ्लिक्सचे, डिशचे, ईमेलचे खाते त्याच जुन्या नंबरवर राहते. पिन बदलायला जाल तेव्हा ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जाईल. आणि तो नंबर कायमचा मेलेलाही नसतो. दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. म्हणजेच त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल.

म्हणून नंबर सोडण्यापूर्वी, तो अजून चालू असतानाच, प्रत्येक खात्यात जाऊन नवा नंबर नोंदवावा. खात्यात नंबर आणि ईमेल दोन्ही असावेत. एक बंद पडला तर दुसऱ्यावर कोड मागवता येतो. दोन्ही गेले असतील तर ग्राहक सेवेशी बोलणे हाच मार्ग उरतो. तिथे पैसे कोणत्या कार्डातून किंवा यूपीआयवरून गेले, कोणत्या तारखेला गेले, असे विचारले जाते. ते तपशील बँकेच्या पासबुकात किंवा फोनवरच्या संदेशांत सापडतात. ते आधी हाताशी घेऊन मगच संपर्क करावा.

दुसरी अडचण याच्या उलट आहे आणि आमच्या मते जास्त गंभीर आहे. नंबर चालू आहे, फोनही घरातच आहे, पण तो दिवसभर मुलाच्या हातात असतो.

वरच्याच घरात खाते अब्बांच्या नंबरवर असते तर काय झाले असते, याचा विचार करा. अब्बा दुकानात साधा फोन नेतात आणि स्मार्टफोन घरी राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला त्या फोनचे कुलूप माहीत आहे, कारण अम्मीला व्हॉट्सअॅपवरचे फोटो तोच दाखवतो. त्याने `Forgot PIN` दाबले, ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर आला आणि दोन मिनिटांत पिन बदलला. पिन कितीही अवघड ठेवला असता तरी फरक पडला नसता. चार आकडी पिन हे दाराचे कुलूप आहे, आणि ओटीपी येणारा फोन हा त्या कुलपाची दुसरी किल्ली आहे. दुसरी किल्ली मुलाच्या खिशात ठेवून पहिली लपवण्यात अर्थ नाही.

असे झाले आहे का, हे कळायलाही मार्ग आहे. पिन किंवा पासवर्ड बदलल्यावर, नव्या यंत्रावर लॉगिन झाल्यावर बऱ्याच सेवा नोंदलेल्या ईमेलवर सूचना पाठवतात. आपल्याकडे ईमेल उघडून पाहण्याची सवय कमी असल्याने ती तशीच पडून राहते. आणखी एक खूण म्हणजे काल चालणारा पिन आज अचानक चुकीचा ठरणे. तुम्ही विसरला नसाल आणि पिन लागत नसेल, तर तो कुणीतरी बदललेला आहे. अशा वेळी फक्त पिन नव्हे, आधी खात्याचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. मग मुलाशी शांतपणे बोलावे. त्याला नेमके काय पाहायचे होते, हे विचारल्याशिवाय नवे कुलूप लावण्यात फारसा उपयोग नाही.

यंत्रातला पिन

आता दुसरा रस्ता. मोबाइलच्या परीक्षेत कुलूप टीव्हीचेच निघाले, तर सगळ्यात आधी कारखान्यातून येणारा मूळ पिन टाकून पाहावा. सॅमसंग आणि एलजीच्या बहुतेक टीव्हींवर आपल्याकडे तो `0000` असतो. अनेकदा पिन कुणी लावलेलाच नसतो. टीव्ही आपला मूळ पिन मागत असतो आणि घरातले मात्र न लावलेला पिन आठवत बसतात.

मूळ पिन चालला नाही, तर या दोन्ही कंपन्यांनी रिमोटवरून सोडवण्याची सोय ठेवली आहे. सॅमसंगच्या स्मार्ट रिमोटवर, टीव्ही चालू असताना, आवाज वाढवा, मागे जा, आवाज कमी करा, मागे जा, आवाज वाढवा, मागे जा, अशा क्रमाने बटणे दाबली की पिन पुन्हा `0000` होतो. मागे जा म्हणजे वळलेल्या बाणाचे बटण. एलजीच्या टीव्हीत सेटिंगमधील पासवर्ड बदलण्याच्या ओळीवर थांबून चॅनेल वर, वर, खाली, वर अशी बटणे दाबतात. मग येणाऱ्या चौकटीत `0313` टाकतात आणि नवा पिन देतात. मॉडेल जुने-नवे असेल तर क्रम वेगळा असू शकतो. तेव्हा टीव्हीच्या मागच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच मॉडेलचे माहितीपत्रक पाहावे.

हे वाचून एक प्रश्न मनात येईल. हा क्रम आपल्याला कळतो, तसा मुलालाही कळेलच ना? हो, कळेल. यंत्रातल्या पिनची मर्यादा हीच आहे. तो दहा वर्षांच्या मुलीला थांबवतो, पंधरा वर्षांच्या मुलाला नाही. मुले मोठी असतील तर टीव्हीच्या पिनवर विसंबू नये, खात्यातला पिन वापरावा.

स्वस्त अँड्रॉइड टीव्हींवर बऱ्याचदा अशी रिमोटची युक्ती नसते. तिथे टीव्हीचा पिन विसरला तर शेवटी पूर्ण रिसेटच करावा लागतो. तो करायची वेळ आलीच, तर आधी चार गोष्टी कागदावर लिहा. वायफायचा पासवर्ड, टीव्हीत टाकलेल्या गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, कोणकोणती अॅप होती, आणि प्रत्येक अॅप कुणाच्या नंबरवर आहे. रिसेटनंतर टीव्ही कोरा होतो आणि गूगल खाते पुन्हा टाकावे लागते. ते खाते दुकानदाराने टीव्ही बसवताना स्वतःच्या ईमेलवर उघडून दिले असेल, तर नवे खाते तुमच्या नावाने उघडा. जुन्या मालकाकडून टीव्ही घेतला असेल तर घरी आणण्यापूर्वीच, त्याच्यासमोर, त्याच्याकडून रिसेट करून घ्या.

डिशचा बॉक्स असेल तर तो पैसे भरून घेतलेला आहे की डीडी फ्री डिशचा, हे पाहावे. पैसे भरून घेतलेल्या डिशला खाते असते, म्हणून नोंदलेल्या नंबरवरून ग्राहक सेवेला फोन केला की मार्ग निघतो. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. तिला महिन्याचे पैसे नाहीत, त्यामुळे सहसा असे खातेही नसते. तिच्या साध्या बॉक्सचा पिन बॉक्सच्या आतच असतो. बॉक्ससोबत आलेल्या कागदावर मूळ पिन छापलेला असतो. अनेक बॉक्समध्ये तो `0000` किंवा `1234` असतो.

मदतीचा नंबर शोधताना

पिन विसरल्यावर घाईघाईने ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधणे, हा या सगळ्यातला सर्वात धोक्याचा क्षण आहे. फसवणारे लोक कंपन्यांच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर टाकून ठेवतात. फोन लावला की पलीकडचा माणूस अगदी आदबीने बोलतो. पिन रिसेट करण्यासाठी पाच-दहा रुपये भरा म्हणतो, एक अॅप टाकायला लावतो किंवा आलेला ओटीपी वाचून दाखवायला सांगतो. त्या अॅपमधून त्याला तुमच्या फोनचा पडदा दिसू लागतो. त्यानंतर प्रश्न पिनचा राहत नाही, बँकेतल्या पैशांचा होतो.

खरी ग्राहक सेवा ओळखण्याचा साधा नियम असा. नंबर अॅपच्या आतल्या मदत विभागातून, किंवा डिशच्या आणि टीव्हीच्या कागदपत्रांतून घ्यावा. पिन बदलण्यासाठी कोणतीही कंपनी पैसे घेत नाही. ओटीपी हा तुम्ही स्वतः पडद्यावर टाकायचा असतो, फोनवर कुणाला सांगायचा नसतो. अब्बांनी आणि थोरल्याने आपापसात बोलणे वेगळे, अनोळखी माणसाला सांगणे वेगळे. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

नवा पिन लावल्यावर

पिन सुटला म्हणजे काम संपले नाही. घाईत अनेक घरे कुलूप काढून टाकतात आणि पुन्हा लावायचे राहूनच जाते. यंत्र पूर्ण रिसेट केले असेल तर त्यातली बंधने गेलेली असतात, पण टीव्ही तसे सांगत नाही. म्हणून शेवटी दहा मिनिटे देऊन तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, कुलूप योग्य दाराला आहे का. पुष्कळ जण मुलीच्या प्रोफाइलला पिन लावतात आणि मोठ्यांची प्रोफाइल उघडी ठेवतात. हे उलटे झाले. मुलीच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावायची आणि पिन मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला लावायचा. चारपैकी एक प्रोफाइल उघडी राहिली तरी बाकी तीन पिन वाया जातात. नेटफ्लिक्सवर नवी प्रोफाइल तयार करायलाही पिन लागेल, अशी सोय आहे. ती चालू करावी, नाहीतर मूल नवी प्रोफाइल करून मोकळे होते.

दुसरी, वयाची मर्यादा नीट बसली आहे का. केंद्र सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या सेवांना प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का द्यावा लागतो. यू म्हणजे सर्वांसाठी. मग यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि शेवटी ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांचे कुलूप उपलब्ध करून देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. आपल्या घरात दहा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या प्रोफाइलची मर्यादा ७+ वर ठेवावी, पंधरा वर्षांच्या मुलाची १३+ वर. मर्यादा लावल्यावर त्या प्रोफाइलमधून एखादा ए शिक्क्याचा चित्रपट नावाने शोधून पाहावा. तो दिसला नाही किंवा उघडला नाही, तर मर्यादा बसली. कुलूप लावूनही उघडत असेल, तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहिता येते. त्याने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा, असे हेच नियम सांगतात. त्याचे नाव आणि पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असावा लागतो.

तिसरी, नवा पिन मुलांना सुचणार नाही असा आहे का. आपल्या घरांत सर्वात आधी सुचणारा आकडा कोणता, हे वेगळे सांगायला नको. `0786` आणि `7860` मुले पहिल्याच दमात टाकून पाहतात. त्यानंतर जन्मसाल, त्यानंतर एमएच ३६ च्या पुढचे गाडीचे चार आकडे. हे तिन्ही टाळावेत. ज्या आकड्याचा घरातल्या कुठल्याही तारखेशी, नंबरशी संबंध नाही असा आकडा घ्यावा. मात्र तो लक्षात राहणार नाही, हे गृहीत धरूनच घ्यावा.

म्हणून तो लिहावा. रेशन कार्ड, गॅसचे पुस्तक आणि घराची कागदपत्रे ज्या पिशवीत असतात, त्या पिशवीत एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक सेवेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात. खाते कुणाच्या नंबरवर आहे, ईमेल कोणता आहे आणि पिन काय आहे. खात्याचा पासवर्ड त्या पानावर लिहू नये. नंबर बदलला की त्याच दिवशी वहीत आणि खात्यात दोन्हीकडे बदलावा. ही वही अम्मीच्या ताब्यात असलेली बरी. थोरला नागपूरला असतो, अब्बा दुकानात असतात, आणि टीव्हीसमोर मुलांबरोबर बसलेली तीच असते.

आणि ज्या फोनवर ओटीपी येतात, त्याचे पडद्याचे कुलूप आजच बदलावे. संदेशांची सूचना बंद पडद्यावर पूर्ण दिसते का, हेही फोनच्या सेटिंगमध्ये पाहावे. दिसत असेल तर ओटीपी वाचायला फोन उघडावाही लागत नाही. ती सूचना लपवण्याचा पर्याय तिथेच असतो.